सहा किलोंचा उंबरठा : सीमाभागातील एचआयव्हीबाधित बालके आणि औषधाची बदलती मात्रा

बिदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद, अफझलपूर हे तालुके नकाशावर कर्नाटकात येतात. पण तेथील अनेक घरांत मराठी बोलली जाते आणि सोयरीक, बाजारहाट, दवाखाना यांसाठी लोक उदगीर, लातूर, उमरगा, सोलापूरकडेही वळतात. कामाच्या शोधात हीच कुटुंबे हैदराबाद, पुणे आणि गोव्यापर्यंत पोहोचतात. अशा कुटुंबात एखादे बालक एचआयव्हीबाधित असेल, तर त्याच्याबरोबर त्याचे औषधही गावोगाव फिरते. हे औषध रोज एकदाच घ्यायचे असते; मात्र त्याचे प्रमाण मुलाच्या वजनावर ठरते आणि मुलाचे वजन तर सतत बदलत असते. या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले, तर औषध नियमित घेऊनही उपचार निष्फळ ठरू शकतो.

औषधाचे नाव डोल्युटेग्राविर. एचआयव्हीचा विषाणू आपली जनुकीय सामग्री मानवी पेशीच्या जनुकांत मिसळतो, तेव्हा ‘इंटिग्रेज’ नावाचे विकर त्याला साहाय्य करते. डोल्युटेग्राविर या विकराला अडवते. बालकांमध्ये ते एकटे दिले जात नाही. अबाकाविर आणि लॅमिवुडिन या दोन औषधांची संयुक्त गोळी त्याच्या जोडीला असते.

पूर्वी लहानग्यांना लोपिनाविर-रिटोनाविर हे औषध द्यावे लागे. त्याचे द्रवरूप कडवट, त्यात मद्यार्काचे प्रमाण ४२ टक्के, शिवाय ते शीतपेटीत ठेवण्याची अट. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही २० किलोंखालील मुलांसाठी हेच औषध होते. त्याआधी, २०२० च्या अखेरीस, व्हिआट्रिस या कंपनीच्या १० मिलिग्रॅमच्या, पाण्यात विरघळणाऱ्या, स्ट्रॉबेरीच्या स्वादाच्या डोल्युटेग्राविर गोळीला अमेरिकी औषध प्रशासनाने तात्पुरती मान्यता दिली होती. पुढे १४ किलोंखालील ८५ बालकांवर आफ्रिकेत झालेल्या ‘ओडिसी’ चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ९६ आठवड्यांत उपचार अयशस्वी ठरण्याचे प्रमाण डोल्युटेग्राविरच्या गटात २८ टक्के, तर प्रचलित उपचारांच्या गटात ४८ टक्के होते.

जागतिक आरोग्य संघटनेचे मात्रांचे कोष्टक निदान चार आठवडे वय आणि तीन किलो वजन असलेल्या बाळापासून सुरू होते. तीन किलोंपासून सहा किलोंच्या आतील बाळाला १० मिलिग्रॅमची अर्धी गोळी. सहा ते दहा किलोंच्या आत दीड गोळी. दहा ते चौदाच्या आत दोन गोळ्या. चौदा ते वीसच्या आत अडीच. वीस किलो पूर्ण झाले, की मोठ्यांची ५० मिलिग्रॅमची एक गोळी.

या शिडीची पहिली पायरी बारकाईने पाहण्यासारखी आहे. इतर टप्प्यांवर अर्धी गोळी वाढते. येथे मात्र अर्धीची एकदम दीड होते, म्हणजे मात्रा तिप्पट. ती लेखनातील चूक नव्हे. डोल्युटेग्राविरचा निचरा मुख्यत्वे यकृतातील एका विकरामुळे होतो आणि नवजात बाळात ते विकर अद्याप पक्व झालेले नसते. नवजातांची कावीळ ज्याच्या अपुरेपणामुळे होते, तेच हे विकर. म्हणून अगदी लहान बाळाच्या शरीरात औषध दीर्घकाळ टिकते आणि थोडे दिले तरी पुरते. काही महिन्यांत यकृत सक्षम होते, औषध झपाट्याने बाहेर पडू लागते आणि तेवढ्याच गोळीने मग भागत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. भालकी तालुक्यातील पाच महिन्यांच्या मुलीचे वजन ५.७ किलो आहे. तिला रोज डोल्युटेग्राविरची अर्धी गोळी, म्हणजे ५ मिलिग्रॅम, मिळते. दर किलोमागे हे प्रमाण सुमारे ०.९ मिलिग्रॅम पडते. जोडीला अबाकाविर-लॅमिवुडिनची १२०/६० मिलिग्रॅमची एक विरघळणारी गोळी असते. महिन्याभरात तिचे वजन ६.१ किलो होते. आता कोष्टकाप्रमाणे दोन्ही गोळ्या दीड-दीड द्यायच्या. डोल्युटेग्राविर १५ मिलिग्रॅम झाले, म्हणजे किलोमागे सुमारे २.५ मिलिग्रॅम. परंतु आई तिला घेऊन दूर कामावर गेली, सोबत तीन महिन्यांची औषधे नेली आणि अर्धीच गोळी देत राहिली, तर किलोमागे केवळ ०.८ मिलिग्रॅम मिळेल. हव्या असलेल्या मात्रेच्या तिसऱ्या हिश्शाइतके. बाळ हसत-खेळत असेल, दूध पीत असेल, गोळीही एकही दिवस चुकणार नाही. तरीही रक्तातील अपुऱ्या औषधाच्या छायेत विषाणू वाढत राहू शकतो आणि औषधाला दाद न देणारे विषाणू त्यातूनच निपजतात.

ही चूक घरच्या घरी ओळखण्याची एक खूण आहे, ती म्हणजे बाटली. ९० गोळ्यांची बाटली अर्ध्या गोळीच्या हिशेबाने १८० दिवस पुरते, दीड गोळीच्या हिशेबाने ६० दिवस, दोन गोळ्यांच्या हिशेबाने ४५ आणि अडीचच्या हिशेबाने ३६ दिवस. सहा किलो ओलांडलेल्या बाळाची बाटली साठ दिवसांनी रिकामी व्हायला हवी. त्या दिवशी तीत साठ गोळ्या शिल्लक दिसल्या, तर बाळ अजून जुन्या मात्रेवरच आहे. औषध सुरू झाल्यानंतर विषाणूंचे प्रमाण मोजणारी पहिली तपासणी सहा महिन्यांनी होते. बाटली त्याच्या बरीच आधी सांगते. आणखी एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सहा किलोंपासून वीस किलोंपर्यंत दोन्ही विरघळणाऱ्या गोळ्यांची संख्या सारखीच असते : दीड-दीड, दोन-दोन, अडीच-अडीच. सहा किलोंखाली मात्र एक अर्धी आणि दुसरी पूर्ण. सात किलोंच्या बाळाला एकीची दीड आणि दुसरीची अर्धी दिली जात असेल, तर एकच मात्रा वाढवली आणि दुसरी राहून गेली, हे उघड आहे.

गोळी देण्याची रीत सोपी आहे. मधल्या रेषेवर ती हाताने मोडता येते. सुमारे दोन चमचे स्वच्छ पाण्यात दोन्ही औषधे एकत्र विरघळवावीत, अर्ध्या तासाच्या आत पाजावीत, मग त्याच वाटीत थोडे पाणी फिरवून तेही द्यावे. तळाशी राहिलेले औषध हा मात्रेचाच भाग असतो. उरलेली अर्धी गोळी कोरड्या, झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत ठेवून दुसऱ्या दिवशी प्रथम वापरावी.

दुसरा धोका वीस किलोंपाशी आहे. पन्नास मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे दहाच्या पाच गोळ्या, असा हिशेब कोणीही सहज करील. तो चुकीचा आहे. विरघळणाऱ्या गोळीतील औषध शरीरात अधिक प्रमाणात शोषले जाते. ५० मिलिग्रॅमच्या आवेष्टित गोळीइतका परिणाम विरघळणाऱ्या केवळ ३० मिलिग्रॅममध्ये, म्हणजे तीन गोळ्यांत साधतो. त्यामुळे एखाद्या केंद्रात मोठी गोळी संपली म्हणून पाच लहान देणे, किंवा लहान संपल्या म्हणून चौदा किलोंच्या मुलासाठी मोठीचे दोन तुकडे करणे, हे दोन्ही मार्ग वर्ज्य. औषध बदलताना मिलिग्रॅमचा आकडा जुळवून भागत नाही. गोळीचा प्रकारही पाहावा लागतो.

तिसरी अडचण क्षयरोगाची. क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध यकृतातील विकरांना चेतवते आणि डोल्युटेग्राविर वेगाने नाहीसे होते. अशा वेळी वजनाप्रमाणे ठरलेली तीच मात्रा दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने द्यावी लागते आणि रिफाम्पिसिन थांबल्यानंतरही आणखी दोन आठवडे तशीच चालू ठेवावी लागते. बारा किलोंच्या मुलाला एरवी रोज दोन गोळ्या पुरतात. क्षयोपचार चालू असताना सकाळी दोन आणि रात्री दोन. सीमाभागात ही गोष्ट निसटण्यास विशेष वाव आहे. एचआयव्हीची औषधे कर्नाटकातील केंद्रातून आणि क्षयाची औषधे महाराष्ट्रातील दवाखान्यातून मिळत असतील, तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना परस्परांची चिठ्ठी दिसत नाही. लोह किंवा झिंकच्या औषधांबाबतही असेच सांगावे लागते. ती डोल्युटेग्राविरला आतड्यात बांधून ठेवतात. एचआयव्हीचे औषध त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर द्यावे.

या तिन्ही प्रसंगांत उपयोगी पडणारी वस्तू एकच : एआरटी केंद्रातून मिळणारी हिरवी पुस्तिका. बिदरचे ब्रिम्स, कलबुर्गीचे जिम्स किंवा गोव्यातील बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, सरकारी केंद्र कोणतेही असो, औषध विनामूल्य मिळते. पण नव्या केंद्राला मुलाची मागील वजने, चालू मात्रा आणि इतर उपचार त्या पुस्तिकेतूनच चटकन समजतात. गाव सोडण्यापूर्वी जुन्या केंद्राला सांगून बदलीची नोंद करून घेतली, तर औषधात खंड पडत नाही. शेजारी-नातेवाइकांना कळेल या भीतीने काही जण पुस्तिका घरीच ठेवतात. ही भीती निराधार म्हणता येणार नाही. मात्र एचआयव्हीविषयीची माहिती संमतीविना उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

कोष्टकालाही मर्यादा आहेत. वजन हे वयाचे अनुमान आहे आणि कुपोषित बाळात ते फसते. आठ महिन्यांचे बाळ साडेपाच किलोंचेच असेल, तर कोष्टक त्याला अर्धीच गोळी सांगते, जरी त्याचे यकृत लहान अर्भकाचे राहिलेले नसते. अशा बाळाला तीन महिन्यांची औषधे एकदम देऊन पाठवू नये. दरमहा वजन करावे. आजारपणात वजन घटले म्हणून आईने स्वतःच्या मनाने मात्रा कमी करू नये. तो निर्णय डॉक्टरांचा. तिने फक्त एक आग्रह धरावा : प्रत्येक भेटीत मूल काट्यावर ठेवल्याशिवाय बाटली हाती घेऊ नये. काटा सहाच्या पुढे सरकला असेल, तर अर्ध्या गोळीची दीड झाली का, हे तिथेच विचारून घ्यावे.