ग्राइंडर कोणामुळे बिघडला? उत्तर भांडाराच्या नोंदवहीत

बांधकामस्थळावर सकाळी अवजारे वाटली जातात आणि सायंकाळी परत घेतली जातात. त्याची नोंद ठेवणाऱ्या वहीकडे बहुतेक ठिकाणी चोरी रोखण्याचे साधन म्हणूनच पाहिले जाते. प्रत्यक्षात महिनाअखेरीस कामगाराच्या मजुरीतून होणारी कपात याच वहीवर आधारलेली असते. त्यामुळे तिच्यात कोणते रकाने आहेत, हा प्रश्न कामगाराच्या खिशाशी निगडित आहे.

अनेक वह्यांत दिनांक, नाव, अवजार, ‘दिले’ आणि ‘परत’ एवढेच रकाने आढळतात. अवजार देताना ते कोणत्या स्थितीत होते, याची नोंद त्यांत नसते. नेमकी हीच उणीव कामगाराला महागात पडते.

एक उदाहरण घेऊ. सळई कापणाऱ्या कामगाराला सकाळी साडेआठ वाजता चार इंची ग्राइंडर दिला गेला. सायंकाळी सहा वाजता त्याने तो बंद अवस्थेत परत केला. भांडारपालाने ‘खराब’ असा शेरा मारला आणि नव्या यंत्राची किंमत, समजा ३,००० रुपये, त्या नावापुढे मांडली. आता हे यंत्र उघडून पाहू. आतले दोन्ही कार्बन ब्रश झिजून अगदी आखूड झाले असतील, तर हा दोष त्या दिवसाचा नाही. ब्रश वापराने झिजतातच. ते जोडीने बदलले की यंत्र पुन्हा चालू होते आणि त्याचा खर्च नव्या यंत्राच्या तुलनेत किरकोळ असतो. ब्रश संपत आल्याची खूणही आधीपासून दिसते. हवेच्या झरोक्यातून मोठ्या ठिणग्या दिसतात आणि यंत्र मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते. सकाळी यंत्र देताना ते क्षणभर चालवून पाहिले असते आणि ‘ठिणग्या जास्त’ असे लिहिले असते, तर सायंकाळचा वाद उद्भवलाच नसता.

आर्मेचर जळाले असेल, तर निवाडा अधिक अवघड होतो. जळका वास आणि काळवंडलेले वाइंडिंग यांवरून बिघाड कळतो, दोषी मात्र कळत नाही. यंत्रावर अवाजवी दाब दिल्याने आर्मेचर जळू शकते. लांब आणि बारीक एक्स्टेंशन केबलमुळे विजेचा दाब कमी मिळाला, तरीही तसेच घडू शकते. आणि ती केबल कामगाराने निवडलेली नसते. म्हणून बिघाडाच्या रकान्यात केवळ ‘जळाले’ न लिहिता यंत्र कुठे, कोणत्या केबलवर आणि कोणत्या कामासाठी वापरले, हेही लिहावे लागते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने घातलेल्या आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही कायम ठेवलेल्या अटींनुसार, वस्तू कामगाराच्या ताब्यात खास सोपवलेली असली पाहिजे आणि नुकसान त्याच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झालेले असले पाहिजे. कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा अधिक असता कामा नये आणि तत्पूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. दोन वर्षे वापरलेल्या ग्राइंडरसाठी नव्याची किंमत वसूल करणे या चौकटीत बसत नाही.

‘खास सोपवलेली’ ही अट सर्वाधिक मोडते ती मुकादमाच्या नावावरील वाटपात. दहा फावडी आणि दहा घमेली एकाच सहीवर जातात, आणि एखादे फावडे हरवले की भार टोळीतील सर्वांवर वाटला जातो. पाळी बदलतानाही असाच घोटाळा होतो. दिवसपाळीचा कामगार स्लॅबवरच यंत्र रात्रपाळीच्या हाती देतो. वहीत नाव मात्र पहिल्याचेच राहते. यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक अवजारावर कोरलेला क्रमांक आणि हस्तांतरणासाठी स्वतंत्र ओळ. देणारा आणि घेणारा दोघांनीही तिथे सही किंवा अंगठा उमटवायचा. सहीपूर्वी शेरा कामगाराला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवायला हवा. परप्रांतीय मजुरांच्या बाबतीत हे नेमके विसरले जाते.

बिघडलेले अवजार वाद मिटेपर्यंत चिठ्ठी बांधून भांडारातच ठेवावे लागते. ते भंगारात गेले की ब्रश झिजले होते की आर्मेचर जळाले होते, हे कोणालाही सांगता येत नाही.

आठवड्याअखेरीस ताळा जुळवताना भांडारात असलेली, कामगारांकडे असलेली, दुरुस्तीला गेलेली आणि बाद झालेली अवजारे यांची बेरीज एकूण खरेदीइतकी यावी लागते. बारा ग्राइंडरांपैकी सात भांडारात, तीन कामावर आणि एक दुरुस्तीला असेल, तर उरलेल्या एकाची नोंद ‘बाद’ या रकान्यात शोधावी लागते. ती नोंद करायची राहून गेली असेल, तर त्या यंत्रापुढे ज्याचे नाव शेवटचे, त्याच्याच मजुरीतून रक्कम कापली जाण्याची शक्यता असते.