कवी, डालडा आणि २५६० कोटी

परळ-लालबागच्या चाळींत एके काळी तुळस डालड्याच्या डब्यात वाढायची. पिवळा पत्रा, त्यावर माडाचं हिरवं चित्र, बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं आणि आत माती. त्या डब्याजवळ खेळणाऱ्या पोरांना एक वाक्य पाठ असायचं: ‘तो कवि डालडा विकतो.’ उलट वाचा, तेच येतं. तो-क-वि-डा-ल-डा-वि-क-तो. नऊ अक्षरं, मध्ये ‘ल’, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांची आरशातली रूपं. अशा शब्दरचनेला विलोमपद म्हणतात.

हे वाक्य योगायोगानं जुळून येण्याची शक्यता किती, हे एकदा मांडून पाहण्यासारखं आहे.

आधी अक्षर म्हणजे काय ते ठरवू. व्यंजन आणि त्याची मात्रा मिळून एक अक्षर, जोडाक्षरही एकच. म्हणून ‘मध्यम’ तीन अक्षरी आणि विलोम: म-ध्य-म. मराठीत ‘ळ’ धरून ३४ व्यंजनं आणि बाराखडीची १२ रूपं, म्हणजे ४०८ अक्षरं. जोडाक्षरं घेतली तर आकडा कितीतरी वाढतो, पण हिशेब सोपा राहावा म्हणून ४०० धरू.

नऊ अक्षरांचं वाक्य विलोम व्हायचं तर मधलं अक्षर काहीही चालतं, पण उरलेल्या चार जोड्या जुळाव्या लागतात. पहिलं अक्षर शेवटच्यासारखं, दुसरं आठव्यासारखं, तिसरं सातव्यासारखं, चौथं सहाव्यासारखं. डोळे मिटून अक्षरं उचलली तर एक जोडी जुळण्याची शक्यता चारशेत एक. चार जोड्यांसाठी ४०० ला ४०० नं गुणत जायचं: ४००, मग १ लाख ६० हजार, मग ६ कोटी ४० लाख, आणि शेवटी २५६० कोटी. म्हणजे साधारण २५६० कोटी नऊ-अक्षरी ओळींमागे एक. सेकंदाला एक ओळ अशी न थांबता तपासत बसलो तर ८११ वर्षं लागतील. ज्ञानेश्वरी १२९० ची. आज काम संपवायचं तर तिच्याही कित्येक वर्षं आधी सुरुवात करायला हवी होती.

मग चाळीतल्या पोराला हे वाक्य कसं सापडलं? कारण मराठी डोळे मिटून अक्षरं उचलत नाही. या वाक्याचं सगळं मर्म तिथेच आहे.

पहिली जोडी बघा. सुरुवातीला सर्वनाम ‘तो’, शेवटी क्रियापदाचा ‘तो’. ‘तो विकतो, तो बसतो, तो येतो’: मराठीत पुल्लिंगी सर्वनाम आणि वर्तमानकाळाचा प्रत्यय हुबेहूब सारखे दिसतात. स्त्रीलिंगात ‘ती’ आणि ‘होती’ यांचंही हेच होतं, म्हणून तर ‘ती होडी जाडी होती’ जमून गेलं. ही जोडी जुळवावी लागत नाही, व्याकरण ती फुकट देतं. २५६० कोटींचे लगेच ६ कोटी ४० लाख झाले, आणि ८११ वर्षांची साधारण दोन वर्षं.

असे साचे मराठीत बरेच आहेत. ‘ला’नं सुरू होणारा दोन अक्षरी धातू घ्या आणि भूतकाळात टाका: लागला, लावला, लादला, लाभला, लाजला. सगळे विलोम. ‘वा’नं सुरू होणाऱ्यांचं प्रयोजक रूप आज्ञार्थात घ्या: वाचवा, वाढवा, वाकवा, आणि लालबागच्या रस्त्यावर भाद्रपदात कानी येणारं ‘वाजवा’. नयन, कनक, सरस हे शब्द सगळे सांगतात, पण हे रोजच्या बोलण्यातले साचे कुणी मोजत नाही. याउलट गावांच्या नावांना असा प्रत्ययाचा आधार नसतो. चर्चगेटपासून दादरपर्यंत पश्चिम रेल्वेचं एकही स्थानक विलोम नाही. ‘लोअर परळ’च्या पोटात ‘र-प-र’ सापडतं, तेवढंच.

आता वाक्याचा मधला भाग. डा-ल-डा हा शब्द मुळातच विलोम आहे, आणि तो घडला त्याची गोष्ट आपल्या शेजारची. काळाचौकी ओलांडली की शिवडी. तिथे १९३२ मध्ये लिव्हरच्या कंपनीनं वनस्पती तुपाचं उत्पादन सुरू केलं, आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ हे नाव बाजारात आलं. त्याआधी असं तूप आणणाऱ्या डच कंपनीचं नाव होतं ‘डाडा’. लिव्हरनं आपल्या नावातला ‘एल’ त्याच्या बरोबर मधे बसवला. रोमन लिपीत ते नाव उलटं केलं तर ‘अडलाड’ होतं, विलोम होत नाही. देवनागरीत मात्र ‘डा’ हे एकच अक्षर असल्यानं दोन ‘डां’च्या मधे ‘ल’ येऊन बसला आणि वाक्याचा गाभा तयार झाला. आणखी एक जोडी फुकट. उरले १ लाख ६० हजार, म्हणजे सेकंदाला एक या वेगानं दोन दिवसांपेक्षाही कमी.

म्हणजे खरा शोध फक्त दोन अक्षरांचा आहे: ज्याला उलटं केलं की धातू मिळतो असं दोन अक्षरी नाम. ‘कवि’ उलटा केला की ‘विक’. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा पाहिलं, त्याला मी मनापासून मानतो.

पण याच दोन अक्षरांत एक अडचण आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये लागू झाले, आणि त्यांनुसार तत्सम इकारान्त शब्द दीर्घान्त लिहायचे. ‘कवि’चा ‘कवी’ झाला. ‘विकतो’मधला ‘वि’ मात्र ऱ्हस्वच राहिला. म्हणजे तिसरं अक्षर ‘वी’, सातवं ‘वि’, आणि आजच्या लेखनात वाक्य मोडतं. ‘चिमा काय कामाची’चं दुखणंही हेच: सुरुवातीला ‘चि’, शेवटी ‘ची’. नियम कडक लावले तर जुन्या पाठांतरातलं ‘रामाला भाला मारा’ पूर्ण निर्दोष उरतं. रा-मा-ला-भा-ला-मा-रा, सगळी सात अक्षरं चोख.

डालड्याचं वाक्य दुरुस्त करता येईल का, यावर मी बरेच दिवस घालवले. ‘विकतो’ला दीर्घ ‘वी’ चालत नाही, पण तोच धातू एकेरी आज्ञार्थात घेतला तर? मराठी अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार दीर्घ लिहायचा हा नियम याच नियमावलीत आहे, म्हणून ‘शीक’, तसा ‘वीक’. मग वाक्य असं होतं:

‘कवी, डालडा वीक!’

क-वी-डा-ल-डा-वी-क. सात अक्षरं, एकही मात्रा न वाकवता. दोन ‘तो’ गेले, पण ते व्याकरणानं दिलेलेच होते. कष्टाच्या दोन्ही जोड्या जागच्या जागी आहेत, १ लाख ६० हजारांत एक.

यापुढे लांबी वाढवायची तर प्रत्येक नवी जोडी पुन्हा ४०० नं गुणते. ३१ जोड्या, म्हणजे जेमतेम ६३ अक्षरं, आणि संख्येला ८१ आकडे होतात. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंचा ढोबळ अंदाज मांडायलाही एवढेच आकडे लागतात. ६३ अक्षरं म्हणजे पोस्टकार्डावरच्या तीन-चार ओळी. तिथवर जायला एक ‘तो’ आणि एक डालडा पुरणार नाही, फुकटच्या जोड्या डझनांनी लागतील. सध्या मी ‘ती’नं सुरू होऊन ‘होती’नं संपणारी अकरा अक्षरं जुळवतो आहे. सात जमतात, नवव्याला अर्थ सुटतो.