पेग ०.०१ : इतकं स्वस्त असतं का?

शेअर महाग की स्वस्त हे ठरवताना बहुतेक जण आधी पीई बघतात. भाव ६०० रुपये आणि वर्षाचा प्रतिशेअर नफा २० रुपये, तर पीई ३०. एक रुपया नफ्यासाठी बाजार ३० रुपये मोजतो आहे. दुसरी कंपनी १० पीईला मिळत असेल, तर पहिली तिप्पट महाग म्हणायची का? पहिलीचा नफा दरवर्षी ३० टक्क्यांनी वाढत असेल आणि दुसरीचा जेमतेम ५ टक्क्यांनी, तर तसं म्हणणं अवघड होतं. ही अडचण सोडवायला पेग रेशो आहे. पीईला नफ्याच्या वार्षिक वाढीच्या टक्क्यांनी भागायचं. पहिलीचा पेग १ येतो, दुसरीचा २. मघाची महाग कंपनी आता स्वस्त दिसू लागते.

मारिओ फरिना यांनी १९६९ मधल्या एका पुस्तकात ही कल्पना मांडली होती. ती गाजली मात्र पीटर लिंच यांच्यामुळे. १९७७ ते १९९० या काळात अमेरिकेतला मॅगेलन फंड सांभाळणाऱ्या लिंच यांचा ठोकताळा असा, की पीई वाढीच्या दराइतका असेल तर भाव रास्त, निम्मा असेल तर फारच चांगला, दुप्पट असेल तर जपून. लाभांशाचा परतावाही ते वाढीच्या दरात मिळवत. नाहीतर सावकाश वाढणारी पण भरपूर लाभांश देणारी कंपनी उगाच महाग ठरते. पेग वापरणारे पुष्कळ जण ही दुरुस्ती विसरतात.

खरी गोची भाजकात आहे. वाढ कुठली धरायची? मागच्या वर्षाची, पाच वर्षांच्या सरासरीची, की विश्लेषकांच्या अंदाजाची?

टाटा स्टीलचं उदाहरण बघण्यासारखं आहे. २०२०-२१ मध्ये कंपनीचा एकत्रित निव्वळ नफा सुमारे ८,२०० कोटी रुपये होता. कोविडनंतर पोलादाचे भाव भडकले आणि २०२१-२२ मध्ये तोच नफा ४१,७०० कोटींच्या पुढे गेला. एका वर्षात ४०० टक्क्यांहून जास्त वाढ! तेव्हा शेअरचा पीई होता ४ च्या आसपास. ४ भागिले ४००, म्हणजे पेग ०.०१. लिंच यांच्या मोजपट्टीवर याला जवळजवळ फुकट म्हणावं लागेल. पण मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने पोलादावर १५ टक्के निर्यातशुल्क लावलं, जगभर भाव उतरले, आणि २०२२-२३ चा नफा पुन्हा ८,१०० कोटींच्या घरात आला. खरं तर तो ४ चा पीईच इशारा होता. हा नफा टिकणार नाही हे बाजाराला ठाऊक होतं, म्हणून त्याला जास्त भाव द्यायला कुणी तयार नव्हतं. पेगने तो इशारा सवलत म्हणून वाचला. पोलाद, साखर, सिमेंट अशा चढउताराच्या धंद्यांत एका वर्षाच्या वाढीवर काढलेला पेग कामाचा नसतो. शेअर निवडण्याच्या एखाद्या संकेतस्थळावर पेगचा तयार आकडा दिसला, तर त्यात वाढ कुठल्या काळाची धरली आहे, हे आधी तपासावं.

वाढीचा आकडा बरोबर असला, तरी ती किती वर्षं चालेल हे पेग विचारतच नाही. १० पीई आणि १० टक्के वाढ, ३० पीई आणि ३० टक्के वाढ. दोन्हींचा पेग १. दोन्हींत शंभर-शंभर रुपये घातले, तर पहिलीत वाट्याला १० रुपये नफा येतो, दुसरीत ३ रुपये ३३ पैसे. पाच वर्षांनी पहिलीचा नफा १६ रुपयांवर पोचतो, दुसरीचा सव्वाबारा-साडेबारावर. दुसरी बरोबरी साधते ती साडेसहा वर्षांनंतर. दहा वर्षं तो वेग टिकला तर मात्र ती ४६ वर जाते आणि पहिली २६ वर राहते. ३० टक्क्यांनी इतकी वर्षं सलग वाढणाऱ्या कंपन्या थोड्याच. तोवर स्पर्धक जागे होतात, धंदाही मोठा झालेला असतो. पेग १ असला म्हणून दोघी सारख्याच, असं समजणारा नकळत दुसरीच्या साडेसहा वर्षांच्या भरधाव धावेवर पैज लावतो.

आणखी एक गोष्ट पेगमध्ये दिसत नाही: वाढीचा खर्च. दोन कंपन्या वर्षाला १५ टक्के वाढतात, पीईही सारखाच. एकीला भागधारकांच्या भांडवलावर ३० टक्के परतावा मिळतो, म्हणून अर्धा नफा धंद्यात घातला तरी तिचं भागतं. उरलेला अर्धा ती भागधारकांना वाटू शकते. दुसरीचा परतावा १५ टक्के, त्यामुळे तेवढ्याच वाढीसाठी तिला सगळा नफा आत ओतावा लागतो. नवं कर्ज किंवा नवे शेअर काढले नाहीत, तर भागधारकाच्या हातात रोख काहीच पडत नाही. दोघींचा पेग मात्र दशांशापर्यंत सारखा.