‘पण’ वगळून लिहिलेली ओळख

औशासारख्या तालुक्याच्या गावातून बी.कॉम. झालेली, घरातली पहिलीच पदवीधर मुलगी पुण्यात अकाउंट्सच्या नोकरीसाठी अर्ज करते आहे, असं समजा. रेझ्युमेच्या माथ्यावर ती लिहिते : ‘मी ग्रामीण भागातली आहे. शिक्षण मराठी माध्यमातून झालं असलं, तरी शिकण्याची इच्छा आहे. अनुभव नाही, पण संधी मिळाल्यास मेहनत करीन.’

यातून वाचणाऱ्याला कळतं ते एवढंच, की तिच्याकडे काय नाही. ‘तरी’ आणि ‘पण’ कुणी न विचारताच माफी मागून मोकळे होतात. शिवाय ‘मेहनत करीन’ यावर मुलाखतीत पुढचा प्रश्नही सुचत नाही.

तिच्याशी निवांत बोललं, की वेगळंच निघतं. कॉलेजची शेवटची दोन वर्षं ती संध्याकाळी गावातल्या एका करसल्लागाराकडे बसायची. बारा दुकानांची बिलं टॅलीत चढवायची. दरमहा विवरण भरणाऱ्या दुकानदाराला विक्रीचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यावा लागतो. त्याआधी प्रत्येक बिलावरचा खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक तपासणं तिच्याकडे होतं, कारण तो चुकला की खरेदीदाराची कराची वजावट अडकते. नेमणुकीचं पत्र नव्हतं, पैसे रोख मिळायचे, म्हणून तिने याला कधी अनुभव म्हटलंच नाही.

आता तीच ओळख अशी होते : ‘बी.कॉम., स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड. औशात करसल्लागाराकडे दोन वर्षं अर्धवेळ काम. बारा दुकानांच्या टॅलीतल्या नोंदी आणि जीएसटीआर-१ साठी बिलांची तपासणी. मराठी, हिंदी बोलते. इंग्रजीत कामाचे ई-मेल लिहिते.’ गाव लपवलेलं नाही, ते कामाच्या जागी आलं आहे. यातल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न विचारता येतो आणि तिच्याकडे उत्तर आहे.

मात्र तपासणी केली असेल तर ‘विवरणं भरली’ असं लिहू नये. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं आणि मग खऱ्या ओळींवरचाही विश्वास जातो.

घरातली पहिली पदवीधर असण्याचं काय? ते मुलाखतीत, कामाशी जोडून, एकदाच सांगावं : ‘घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलं नव्हतं. प्रवेशापासून महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत सगळं मीच केलं. अर्ज परत आला, की कारण शोधून तो दुरुस्त करायची सवय तिथेच लागली.’ एवढं बोलून थांबावं. पुढे हलाखीची कहाणी सुरू झाली, की समोरचा कामाचं विचारायचं सोडून सांत्वन करू लागतो.

राहिला पुरावा. त्या करसल्लागाराला आधी विचारून त्यांचा फोन नंबर संदर्भ म्हणून द्यावा. नेमणुकीचं पत्र नसलेल्या दोन वर्षांची साक्ष तेच देऊ शकतात.