डब्यातली पांढरी पूड आणि सोळाव्या वर्षाची घाई

सांगलीच्या संकेत सरगरने २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवले. त्याच्यासारखे व्हायचे म्हणून बारबेल उचलणाऱ्या पोरांच्या बॅगेत हल्ली क्रिएटिनचा डबाही दिसतो. ते द्यावे का, हा प्रश्न घरोघरी पडतो.

क्रिएटिन हे स्टेरॉइड नव्हे. शरीर ते स्वतः बनवते, मांस-मासळीतूनही मिळते. झटक्यात जोर लावताना स्नायूंची ऊर्जा चटकन भरून काढणे, हे त्याचे काम. उत्तेजक द्रव्यांच्या बंदी यादीत ते नाही. प्रौढांवर त्याचे भरपूर संशोधन झाले आहे. किशोरांवर मात्र फारच थोडे. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना अठरा वर्षांखालील मुलांना ते सुचवत नाही. क्रीडापोषणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सूर जरा मवाळ आहे: गंभीर स्पर्धात्मक सराव, चौरस आहार, जाणकाराची देखरेख आणि बेताची मात्रा असेल तर विचार करता येईल. प्रौढांसाठी ही मात्रा साधारण रोज ३ ते ५ ग्रॅम.

आता समजा, ५४.५ किलोचा मुलगा स्पर्धेआधी ते सुरू करतो. स्नायूंत पाणी साठून किलोभर वजन वाढते आणि तो वजनकाट्यावरच गटाबाहेर जातो! रक्तातले क्रिएटिनीनही थोडे वाढू शकते, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना पूड घेतल्याचे सांगायलाच हवे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डबा उघडूच नये.

खरा धोका भेसळीचा. डब्यात बंदी असलेले द्रव्य निघाले, तर शिक्षा खेळाडूलाच होते.