बोटाने दाबले दोन, पंपाने घेतले बावीस

इन्फ्यूजन पंपाबद्दलची तक्रार पुष्कळदा एकाच वाक्यात मिटते: 'सिस्टरने आकडा चुकीचा टाकला.' पण २००६ साली अमेरिकेच्या एफडीएने पंपांचा एक साठा जप्त केला, त्या पंपांत दोष वेगळाच होता. कळ एकदा दाबली तरी आकडा दोनदा उमटू शकत होता. या दोषाला 'की बाउन्स' म्हणतात.

अशा वेळी तक्रारीचा अहवाल कसा लिहावा, हे एका कल्पित प्रसंगातून पाहू. पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या रुग्णाला हेपरिन चालू आहे. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये २५,००० युनिट, म्हणजे दर मिलीत ५००. वेग ताशी २ मिली. सकाळी १०:१० ला सिस्टरने नवी सिरिंज लावून २ दाबला. १०:४० ला फेरीत तिला पडद्यावर २२ दिसले. तिने पंप लगेच थांबवला. सिरिंजमध्ये ४९ मिली उरायला हवे होते, उरले होते ३९. म्हणजे अर्ध्या तासात ५०० ऐवजी ५,५०० युनिट शरीरात गेली.

रुग्णाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. डॉक्टरांनी रक्त किती वेळात गोठते ते पाहण्यासाठी एपीटीटी तपासणी केली आणि हेपरिनचा परिणाम उतरवणारे प्रोटामिन सावकाश दिले. हे सगळे वेळेसकट लिहायचे. रक्तस्राव झाला नसता तरीही लिहायचे, कारण तोच पंप उद्या दुसऱ्याच्या उशाशी असेल.

खरी अडचण पुढे येते. पंपाच्या स्मृतीत '२२' अशीच नोंद सापडते आणि कंपनी ती पुरावा म्हणून दाखवते. पण ती नोंद कळीने काय घेतले ते सांगते, बोटाने काय दाबले ते सांगत नाही. म्हणून पंप पुसून, रीसेट करून दुसऱ्या रुग्णाला लावू नये. सिरिंज आणि नळीसकट तो बाजूला ठेवावा. पंपाचे घड्याळ भिंतीवरच्या घड्याळापेक्षा किती मिनिटे पुढे-मागे आहे तेही टिपावे, नाहीतर सिस्टरची वेळ आणि पंपाची वेळ जुळत नाही. मग बायोमेडिकल इंजिनिअरने तीच कळ शेकडो वेळा दाबून पाहावी. एकदाही आकडा दुहेरी उमटला, तर दोष पकडला गेला. न उमटला, तरी पंप निर्दोष ठरत नाही. असा दोष अधूनमधूनच डोके वर काढतो.

सुरू करण्याआधी सिस्टरने पडदा वाचायला हवा होता, हेही अहवालात यायलाच हवे. पण या पंपात औषधाची कमाल मर्यादा भरलेली असती, तर त्याने २२ स्वीकारलेच नसते. ती भरलेली होती का, हा प्रश्न माझ्या मते अहवालात सर्वांत आधी विचारावा.

भारतात २०१५ पासून अशा तक्रारी मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे जातात. त्याचे केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे, आणि रुग्णाचे नातेवाईकही तिथे तक्रार नोंदवू शकतात. त्यांनी पंपाचा अनुक्रमांक आणि पडद्याचा फोटो जवळ ठेवावा.