पुनर्लेखनाआधी पटकथा कार्डांवर

पटकथेचा पहिला खर्डा वाचून कुणी ‘मध्यंतरानंतर रेंगाळते’ म्हणाले, की लेखक बहुधा तिथलेच संवाद छाटायला बसतो. पण रेंगाळण्याचे मूळ अनेकदा वीस-तीस पाने आधी, प्रसंगांच्या क्रमात असते आणि शंभर पानांच्या बाडात ते नजरेला पडत नाही. म्हणून पुनर्लेखनाला हात घालण्यापूर्वी सगळे प्रसंग कार्डांवर उतरवून जमिनीवर मांडण्याची पद्धत आहे. कार्डे लिहिण्याआधीच्या आखणीसाठीही वापरतात. सिड फील्ड यांनी संपूर्ण चित्रपटासाठी ५६ कार्डांचा हिशेब दिला होता. लिहून झालेल्या खर्ड्याची तपासणी मात्र वेगळी असते. तिथे आकडा आधी ठरवायचा नसतो. जेवढे प्रसंग, तेवढी कार्डे.

साधारण तीन बाय पाच इंचांचे कार्ड पुरते. त्यावर प्रसंगाचा मूळ क्रमांक, स्थळ, पानांची संख्या आणि एकच वाक्य लिहायचे: या प्रसंगामुळे काय बदलते? ‘दोघे बोलतात’ हे उत्तर चालत नाही. कार्डाच्या मागे, इथे कुणाला कोणती नवी गोष्ट कळते, याची नोंद करायची. कार्डे आठवणीतून न लिहिता खर्डा समोर ठेवूनच लिहावीत, कारण लेखकाला आठवतो तो त्याच्या मनातला चित्रपट आणि कागदावरचा बरेचदा निराळाच असतो.

एक कल्पित खर्डा घेऊ: १०८ पाने, ६२ प्रसंग. सुनंदा कोकणातले घर आणि बाग विकायला मुंबईहून गावी येते. भाऊ विश्वास विक्रीला तयार नाही. वडिलांनी बागेवर कर्ज काढले होते आणि विश्वास ते गुपचूप फेडतो आहे, हे तिला ४१व्या प्रसंगात, पान ७२वर कळते. वाचणाऱ्यांची तक्रार मधल्या भागाबद्दल आहे.

पहिली चाचणी अदलाबदलीची. २५ ते ३४ ही दहा कार्डे उचलून पिसली आणि कशीही मांडली, तरी गोष्ट तशीच राहते. सुनंदा तलाठी कार्यालयात जाते, जुन्या मैत्रिणीला भेटते, कलमे बघत हिंडते, भावाशी तीनदा भांडते. लागून असलेल्या दोन कार्डांमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसत नाही, फक्त ‘आणि मग’ बसते. एका प्रसंगातून दुसरा निघत नाही, म्हणून पाने पुढे सरकली तरी कथा जागेवरच उभी राहते. संवाद कितीही चुरचुरीत केले तरी हा दोष जात नाही.

आता ४१वे कार्ड वर सरकवून पाहू. २७व्या प्रसंगात सुनंदा सातबारा आणायला तलाठ्याकडे जातेच. बोजाची नोंद त्याच उताऱ्यावर सापडली, तर दोन कार्डांचे एक होते आणि रहस्य पान ४६च्या आसपास येते. पण इथे कार्डांच्या मागच्या नोंदी अडवतात. ३६व्या प्रसंगात सुनंदा गिऱ्हाइकाकडून इसार घेते. कर्ज ठाऊक असताना इसार घेतला, तर ती फसवणूक ठरते आणि नायिकाच बदलते. मग ३६वे कार्ड तलाठ्याच्या आधी हवे. नवा क्रम असा जुळतो: ती इसार घेते, म्हणून उतारा काढायला जाते, पण बोजा सापडतो, म्हणून भावाला जाब विचारते. तीन भांडणांपैकी दोन आपोआप गळतात. कलमांचा प्रसंग त्या भांडणानंतर गेला, की भाऊ इतकी वर्षे काय सांभाळत होता ते दाखवण्याच्या कामी येतो. एक ओळही नव्याने न लिहिता एवढे कळते, ही या पद्धतीची खरी मिळकत.

उपकथानकांसाठी कार्डाच्या कोपऱ्यावर रंगाची खूण करावी. एखादा रंग तीस पाने दिसलाच नाही, तर ते पात्र प्रेक्षक विसरलेला असतो. मध्यंतराचे वेगळे कार्ड ठेवले, तर त्याच्या आधीच्या प्रसंगाने खरोखर काही पणाला लागते का, हेही दिसते.

वगळलेली कार्डे लगेच फेकू नयेत. मैत्रिणीच्या प्रसंगातच सुनंदाच्या मुंबईतल्या अडचणीचा उल्लेख असेल, तर तो दुसरीकडे न्यावा लागतो. नाहीतर तिला घर विकण्याची घाई का, हेच कळत नाही. प्रत्येक मांडणीचा फोटो काढून ठेवला, की मागे फिरता येते.

प्रसंगाच्या आतले दोष कार्डांवर दिसत नाहीत. सपाट संवाद, चुकलेला सूर, लांबलेली सुरुवात यांसाठी पानेच वाचावी लागतात. वातावरणावर चालणाऱ्या चित्रपटात ‘म्हणून’ची चाचणी जपून लावावी, तिथे एखादा प्रसंग काहीच न बदलताही आवश्यक असू शकतो. मांडणी पक्की झाल्यावर तिची वनलाइन टाइप करतात, प्रत्येक ओळीपुढे जुना क्रमांक ठेवून, म्हणजे खर्ड्यातली कोणती पाने तशीच घ्यायची आणि कोणती नव्याने लिहायची, ते समोर राहते.